सहा डायपर झाले, पण ते भरलेले होते का?

सावली_जळगाव
मुलगी आज सहा दिवसांची. सीझर झालं, आता माहेरी जळगावला आहे. दवाखान्यातून सोडताना सांगितलं होतं की पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा डायपर ओले व्हायला हवेत. काल सकाळी आठ ते आज सकाळी आठ मोजले, सात भरले. म्हणजे हिशेबाने सगळं ठीक आहे. तरी मन मानत नाही. दर तासाला रडून उठते, पाच मिनिटं ओढते आणि छातीवरच झोपते. उचलून ठेवलं की पुन्हा रडणं. शी अजून काळपट हिरवीच आहे. आज पहाटे डायपरमध्ये नारिंगी-विटकरी डाग दिसला. आई म्हणते रक्त असेल, मुलींना जातं थोडं. डॉक्टरांनी दहाव्या दिवशी बोलावलंय. तोवर थांबू का? अंगावरचंच दूध आहे, वरचं काही दिलेलं नाही. बाहेर ४३ अंश आहे, घरात कूलर.

मनमोकळी
सात म्हणजे मस्त! माझ्या मुलाच्या वेळी मीही अशीच घाबरले होते. डायपरवर पुढे पिवळी पट्टी असते ना, ती निळी झाली की शू झाली. तेवढं बघायचं. सहाच्या वर गेले की पोट भरतंय, विषय संपला. दर तासाला उठणं म्हणजे वाढीची भूक.

सांगलीची_आजी
सावली बाळ, आमच्या वेळी डायपर नव्हते. माझ्या थोरल्याचे दिवसाला पंधरा-अठरा लंगोट निघायचे, दोरीवर जागा पुरायची नाही. सहा-सात म्हणजे मला तरी कमीच वाटतात. डाग म्हणशील तर आई बरोबर सांगतेय. पोटात असताना आईच्या अंगातलं मिळत असतं ते जन्मल्यावर तुटतं, म्हणून मुलींना पहिल्या आठवड्यात थोडं जातं. आपोआप थांबतं. आणि एवढ्या उन्हाळ्यात उकळून गार केलेलं दोन चमचे पाणी दे गं. घसा सुकत असेल तिचा.

शेवंता
सावली, मी ३१ वर्षं प्रसूती विभागात परिचारिका होते. दहाव्या दिवसापर्यंत थांबू नको. का ते सांगते, पण आधी चार गोष्टी कळव. जन्माचं वजन किती, त्यानंतर कधी केलं होतं का? डाग डायपरच्या कोणत्या भागात होता, ओला चिकट की कोरडा, पावडरीसारखा? बाळ पिताना घोट गिळल्याचा आवाज येतो का? आणि डायपर काढताना हाताला जड लागतो का?

मनमोकळी, ती पट्टी चार थेंबांनीही निळी होते. शू झाली एवढंच ती सांगते, किती झाली ते नाही. आताच्या डायपरमध्ये जेल असतं, ते सगळं आत ओढतं आणि वरून कोरडंच लागतं. म्हणून नव्या आईला भरलेला आणि जेमतेम ओला यातला फरक कळत नाही. मी सगळ्या आयांना एक करून बघायला सांगायचे. कोरड्या डायपरमध्ये औषधाच्या टोपणाने मोजून ४५ मिली पाणी ओतायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि एका हातात तो, दुसऱ्या हातात कोरा घेऊन बघायचं. आठवड्याच्या बाळाचा भरलेला डायपर साधारण त्या ओझ्याचा असतो. ३० मिलीच्या आसपासचाही चालेल. ‘सहा डायपर’ म्हणतात ते असे सहा.

निखिल_बाबा
हाताचा अंदाज नको असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. कोरा डायपर आधी तोला, मग बदललेला तोला. १ ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने १ मिली. शी असलेला डायपर हिशेबात धरायचा नाही. बदलल्यावर लगेच गुंडाळून तोलायचा, नाहीतर तुमच्याकडच्या उन्हात वजन उडून जाईल. मी वहीत तारीख-वेळ-ग्रॅम असे रकाने केले होते. घरी सगळे हसले.

पल्लवी_पिट्सबर्ग
सावली, शीची काळजी करू नकोस. माझा मुलगा फक्त अंगावर पितो आणि पाच दिवस झाले, शीच नाही. डॉक्टर म्हणाले नॉर्मल. आईचं दूध पूर्ण पचतं, मागे काही उरतच नाही.

शेवंता
पल्लवी, तुझा मुलगा केवढा?

पल्लवी_पिट्सबर्ग
तीन महिन्यांचा. अरे हो, तुम्ही सहा दिवसांबद्दल बोलताय. घाईत वाचलं, माफ करा.

शेवंता
माफी कशाला. पण बाकीच्यांनी इथे गल्लत करू नका. साधारण सहा आठवड्यांनंतर अंगावर पिणारं बाळ पाच-सात दिवस शी न करता राहतं. वजन वाढतंय, पोट मऊ आहे आणि झाली तेव्हा शी पातळच असली, तर काळजी नाही. पहिल्या महिन्यात मात्र शी हा दुधाचा साक्षीदार आहे, आणि माझ्या मते शूपेक्षा जास्त खरा. पहिले दोन दिवस डांबरासारखी काळी चिकट, तिसऱ्या-चौथ्याला हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, मोहरीचे दाणे पेरल्यासारखी. दिवसाला तीन-चार वेळा तरी. काळी शी बाहेर ढकलायला पोटात दूध यावं लागतं. सहाव्या दिवशी ती हिरवी-काळीच असेल तर पोटात पुरेसं जात नाही असं मी धरते, डायपरचा आकडा काहीही म्हणो.

सावली_जळगाव
ताई, जन्माचं वजन ३.१ किलो. तिसऱ्या दिवशी २.८८ होतं. त्यानंतर केलेलं नाही. डाग कोरडा होता, विटेची पूड सांडल्यासारखा, शूच्या जागी पुढेच. बोटाने घासला तर पावडर निघाली. गिळल्याचा आवाज सुरुवातीला दोन-तीनदा येतो, मग नुसती चुळबुळ. निखिल म्हणतात तसं सकाळपासून तोलतेय. कोरा २० ग्रॅमचा आहे. आतापर्यंतचे तीन: ३१, २८, ३८. पाणी ओतलेला एक शेजारी ठेवला तर आमचे सगळेच हलके लागतात. भीती वाटायला लागलीये.

शेवंता
तो डाग रक्ताचा नाही. आजींचं म्हणणं खोटं नाही, मुलींना थोडं रक्त जातं, पण ते चिकट, पांढऱ्या स्रावात मिसळलेलं असतं आणि पुसताना योनीच्या तोंडाशी दिसतं. तुझ्याकडचे ते युरेट नावाच्या लघवीतल्या क्षाराचे बारीक खडे. लघवी घट्ट झाली की तळाशी बसतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत कुठल्याही बाळाला दिसतात, कारण तेव्हा चीक असतो आणि तो थेंबाथेंबाने येतो. पान्हा फुटल्यावर ते गेले पाहिजेत. सहाव्या दिवशी दिसतायत म्हणजे पाणी कमी पडतंय.

तुझे तीन डायपर मिळून ३७ मिली झाले. याच हिशेबाने सात डायपरचे दिवसाला ८५ मिलीच्या आसपास. तीन किलोच्या आतबाहेरच्या बाळाला हे अगदी काठावरचं आहे. एवढ्या बाळाला या वयात याच्या दुपटीहून जास्त शू व्हायला हवी. आज संध्याकाळच्या आत बाळरोगतज्ज्ञांकडे जा आणि वजन करून घे, उघड्या अंगाने, डायपर काढून. जायच्या आधी पाज, वाटेत पाज. ती पाजायला उठलीच नाही, अंग तापलं किंवा गार पडलं, तोंड कोरडं पडलं, किंवा सहा-आठ तासांत शूच झाली नाही, तर संध्याकाळची वाट न पाहता थेट दवाखाना. टाळू खोल जाईपर्यंत थांबायचं नसतं. ती फार उशिराची खूण आहे.

आजी, रागावू नका, पण पाणी नको. आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी भाग पाणीच असतं, जळगावच्या उन्हातही ते पुरतं. वरचं पाणी दिलं की एवढंसं पोट भरतं, बाळ कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूध कमी बनतं. शिवाय एवढ्या लहान बाळाच्या रक्तातलं मीठ त्याने खाली जाऊ शकतं. मध आणि घुटी तर नकोच.

सांगलीची_आजी
रागावत नाही गं. आम्ही दिलं आणि पोरं जगली, म्हणून बोलले. पण मग माझे अठरा लंगोट आणि तुमचे सहा, यात खोटं कोण?

शेवंता
दोघंही खरे! बाळ दिवसातून पंधरा-वीस वेळा थोडी थोडी शू करतं. लंगोट एका शूतच ओला होतो, तुम्ही दर वेळी बदलायचात. डायपर दोन-तीन शू पोटात घेतो. सहाचा आकडा डायपरच्या हिशेबाचा आहे. लंगोट वापरणाऱ्या आईला फक्त सहा ओले मिळाले तर मला ते कमीच वाटेल. आणि दर तासाला डायपर बदलणाऱ्या आईचे सात हलके डायपर म्हणजे खरे तीनच असू शकतात. सावलीचं बहुधा तेच झालंय.

निखिल_बाबा
एक शंका. आमचंही सीझर होतं आणि पहिल्याच दिवशी पाच डायपर ओले झाले. नर्सने सांगितलं होतं पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जातं. मग पाच कसे? आम्ही खूश झालो आणि तिसऱ्या दिवशी दोनवर आलं तेव्हा हादरलो.

शेवंता
ते बायकोला लावलेल्या सलाईनचं पाणी. प्रसूतीच्या आधी आईला बाटल्यावर बाटल्या चढल्या की काही पाणी बाळाकडे जातं. ते पहिल्या दिवसात शूवाटे निघतं आणि तेवढं वजनही उतरतं. त्याने जन्माचं वजन थोडं फुगलेलं दिसतं. म्हणून पहिल्या दिवसाच्या डायपरवरून दुधाचा निकाल लावायचा नाही.

सावली_जळगाव
(रात्री साडेदहा) आलो परत. वजन २.७६ किलो. जन्मापासून ३४० ग्रॅम, म्हणजे ११ टक्के उतरलं. डॉक्टर म्हणाले, सात टक्क्यांपर्यंत नेहमीचं, दहाच्या पुढे गेलं की हात घालावा लागतो, आणि आतापर्यंत ते उतरायचं थांबून चढायला हवं होतं. सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, आणि कावीळ बघायला रक्त घेतलं. सोडियम थोडं वर आहे, पण भरती करायची गरज नाही म्हणाले. कावीळ मांडीपर्यंत आहे, आकडा उपचाराच्या खाली. उद्या पुन्हा बघणार.

मग तिथल्या समुपदेशक ताईंनी मला समोर बसवून पाजायला लावलं. पाच मिनिटांत त्यांनी चूक पकडली. मुलगी फक्त बोंड तोंडात धरत होती. सुटली तेव्हा बोंड चपटं, बोरूच्या टोकासारखं तिरकं झालं होतं. मला वाटायचं दुखणं म्हणजे टाक्यांचं आणि नवखेपणाचं.

त्यांनी बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलं, नाक बोंडासमोर आणलं, मोठा ‘आ’ केल्यावरच जवळ ओढलं, हनुवटी आधी टेकेल अशी. खालच्या बाजूचा काळा भाग जास्त आत गेला. आणि आवाज बदलला! तोंड उघडतं, हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते, मग मिटतं आणि ‘क्ह’. त्या म्हणाल्या, ती थांबलेली हनुवटी म्हणजे घोट. नुसती भरभर हलणारी म्हणजे चघळणं.

शेवंता
बरं झालं गेलीस. वरचं काही द्यायला सांगितलं का?

सावली_जळगाव
हो. दर दोन-अडीच तासांनी, रात्रीही, उठवून पाजायचं. घोट मंदावले की स्तन हाताने दाबून धरायचा, तरी मंद राहिले तर दुसरी बाजू. नंतर दहा मिनिटं हाताने दूध काढायचं आणि ते वाटी-चमच्याने. आज माझं १२ मिली निघालं. ते २५ होईपर्यंत उरलेलं फॉर्म्युलाने भरायचं, दर पाजण्यानंतर, दोन-तीन दिवस. बाटली नाही. आईने कपाटातून माझं लहानपणीचं चांदीचं बोंडलं काढलं होतं, पण त्याची चोच आतून घासता येत नाही म्हणून ताईंनी नको म्हटलं.

मनमोकळी
सॉरी सावली, मी उगाच धीर दिला. माझ्या वेळी खरंच चालून गेलं होतं.

रानजाई
मला फॉर्म्युला देणं पटलं नाही. पकड सुधारली, घोट ऐकू आले, दूध येतंच होतं. अजून एक दिवस थांबून फक्त काढलेलं दूध द्यायला काय हरकत होती? एकदा डबा घरात आला की जात नाही, हे मी माझ्या बहिणीचं बघितलंय. शिवाय सलाईनचं पाणी धरलं तर खरे ११ टक्के नसतीलच.

शेवंता
सलाईनचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच काहीजण जन्माऐवजी चोवीस तासांच्या वजनापासून मोजावं म्हणतात. पण सलाईनने सहाव्या दिवशीची काळी शी होत नाही आणि विटकरी डागही पडत नाही. दोन-तीन खुणा एकाच बाजूला बोट दाखवतात तेव्हा मी टक्क्यावरून वाद घालत नाही. एक दिवस थांबता आलं असतं का? सोडियम वर असताना मी थांबले नसते. दुसरे डॉक्टर कदाचित थांबले असते, रोज वजन करून. तुझ्या बहिणीचं मात्र मान्य आहे. डबा आणताना तो कधी बंद करायचा ते ठरलेलं नसलं, तर तो राहतोच.

रानजाई
तेच. मी अजूनही थांबायच्या बाजूची आहे.

सावली_जळगाव
आठवा दिवस: २.८२ किलो. काल रात्री पहिली पिवळी शी! आईने घरभर ओरडून सांगितलं. विटकरी डाग परवापासून नाही. काढलेलं दूध २५-३० निघतंय, म्हणून फॉर्म्युला आजपासून बंद.

अकरावा दिवस: २.९३. सात डायपर, मिळून २३० मिली. शी चार वेळा. ती आता सुटल्यावर मुठी सोडते. आधी पिऊन झोपली तरी मुठी आवळलेल्या असायच्या, मी लक्षच दिलं नव्हतं.

निखिल_बाबा
८५ वरून २३०! आणि डायपरचा आकडा तेव्हाही सात, आताही सात. वहीत लिहून ठेवण्यासारखं.

पल्लवी_पिट्सबर्ग
इथे दवाखान्यातून सोडल्यावर दोन दिवसांत वजनाला बोलावतात. तुम्हाला दहाव्या दिवशी कसं बोलावलं?

शेवंता
दवाखान्यागणिक वेगळं असतं. खरं तर आपल्याकडे आशाताईंच्या घरभेटी ठरलेल्या आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, आणि वजनकाटा त्यांच्याकडे असतो. खाजगी दवाखान्यात बाळंत झालेल्या, शहरात माहेरी आलेल्या मुली मात्र बऱ्याचदा यातून निसटतात. सावलीच्या घरी कोणी आलं होतं का?

सावली_जळगाव
नाही. नोंद सासरच्या पत्त्यावर आहे, मी इथे. आम्हाला असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

सतरावा दिवस: ३.११ किलो. जन्माचं वजन गाठलं, वर दहा ग्रॅम. डॉक्टर म्हणाले साधारण दोन आठवड्यांत गाठतात, हिला तीन दिवस जास्त लागले, पण आता रोज ३० ग्रॅमच्या आसपास चढतेय, चालेल. काढून देणंही बंद केलंय. संध्याकाळी सहा ते नऊ मात्र सोडतच नाही, पुन्हा पुन्हा मागते. आणि छाती आता पहिल्यासारखी टणक होत नाही. पंपाने बघितलं तर ३० मिलीच आलं. दूध पुन्हा कमी झालं का?

शेवंता
वजन चढतंय, शी पिवळी आहे, डायपर जड आहेत. मग संध्याकाळचं मागणं म्हणजे संध्याकाळचं मागणं. पहिल्या आठवड्यातला टणकपणा ही बरीचशी सूज असते. दूध बाळाच्या मागणीला जुळलं की छाती मऊ होते. पंपात येतं तेवढंच बाळाला मिळतं असंही नाही. नीट धरलेलं बाळ पंपापेक्षा जास्त ओढतं, आणि पाजल्यानंतर लावलास तर उरलेलंच येणार. सहाव्या दिवशीही ती दर तासाला मागत होती आणि आताही मागतेय. तेव्हा बाकीच्या खुणा उलट्या होत्या.

सांगलीची_आजी
आता दिवसा लंगोट लाव. जळगावच्या उन्हात दहा मिनिटांत वाळतील.

सावली_जळगाव
कालपासून लावतेय आजी. दुपारपर्यंत अकरा झाले. मोजणं कधी थांबवू ते सांगा, झोपेतही आकडे दिसतात.

शेवंता
आजपासून. आठवड्याला एकदा वजन, तेही पहिला महिनाभर, एकाच काट्यावर.

निखिल_बाबा
माझी वही चौथ्या महिन्यापर्यंत चालली होती. एक दिवस बायकोने लपवली, अजून सापडलेली नाही.